बाई वळल्या नाहीत

"आई, हे बसवाल्या काकांना दिलं तरी चालेल," रेडिओ म्हणाली. "फक्त 'मार्गदर्शन' आहे ना, तिथं 'ने-आण' कर."

एवढं बोलून ती परत बिस्किटाकडे वळली. बिस्किटाची एक बाजू खाऊन झाली होती, दुसरीवर कामकाज चालू होतं. तिच्या आईला मात्र जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून पाय टाकावा आणि तिथं आणखी एक पायरी निघावी, तसं झालं. टेबलावर तो कागद पडला होता. 'आदरणीय बाई, आपल्या अथक परिश्रमांमुळे, मायेच्या स्पर्शामुळे आणि कुशल मार्गदर्शनामुळे आमच्या पाल्याच्या सर्वांगीण विकासाला जी दिशा लाभली, त्याबद्दल आम्ही आपले शतशः ऋणी आहोत.' अक्षर सुरेख होतं. समास सोडलेला होता. आणि ते खरंच बसवाल्या काकांना देता आलं असतं. त्यांच्या परिश्रमांतही अथक म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, आणि सर्वांगीण नसली तरी दिशा त्यांनीच रोज दिली होती.

रेडिओ हे नाव नवऱ्यानं ठेवलं होतं. मुलगी तोंड उघडायला लागल्यापासून घरात तिचं प्रक्षेपण चालू होतं. सकाळच्या बातम्या, दुपारचा कीटकविषयक कार्यक्रम, आंघोळीच्या वेळी श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं. नवरा चष्म्यांच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांना 'हे बरं दिसतं, की ते बरं?' विचारून तो घरी यायचा आणि दारातच म्हणायचा, "काय, रेडिओ, आज काय विशेष?" मग त्याचे बूट सुटेपर्यंत त्याला कळलेलं असायचं की गोगलगायीला हजारो दात असतात आणि शेजारच्या आजोबांना एकही नाही. अशा मुलीला शाळेत घातलं. पहिल्या चाचणीनंतर शाळेतून फोन आला. एका संथ, सावध आवाजानं विचारलं, "तुमच्या मुलीला ऐकू नीट येतं ना? बोलता येतं ना?" आई तेव्हा ऑफिसात होती. तिला वाटलं, फोन चुकून दुसऱ्याच्या आईला लागलाय. ती हसली. हसली, हे तिला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं आणि आठवलं की मान गरम व्हायची.

शाळेच्या फाटकाशी रेडिओ बंद पडायचा. कुणी बटण दाबावं तसा. घरी सगळं बोलणारी मुलगी वर्गात पाऊल टाकलं की ओठ मिटून बसायची. हसायची नाही, रडायची नाही, 'पाणी हवं' असंही म्हणायची नाही. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, घसा पाहिला, मुलीशी चित्रं काढली आणि सांगितलं, हट्ट नाहीये हा. हिला बोलायचं असतं, तिथं बोलता येत नाही. तिला बोल बोल करू नका. 'आज बोललीस का?' विचारू नका. हे ऐकून ती मान डोलावत घरी आली आणि दुसऱ्या दिवशी मुलगी बसमधून उतरल्या उतरल्या विचारलं, "आज बोललीस का गं?" तोंडातून निघून गेलं. तिसऱ्या दिवशी तिनं तेच वेषांतर करून विचारलं, "आज कुणाशी खेळलीस?" मुलीनं तिच्याकडे पाहिलं ते, चोराला पोलिसानं नाही, ओळखीच्या माणसानं पाहावं तसं.

आणि आता वर्गाच्या बाई चालल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली होती, वर्ष संपताच त्या गाव सोडणार होत्या. पालक-प्रतिनिधी असलेल्या बाईंनी (या एका मुलाच्या आई होत्या, पण पूर्ण वर्गाला जन्म दिल्याच्या तोऱ्यात वावरत) सगळ्या पालकांना निरोप पाठवला: प्रत्येकानं बाईंना आभाराचं पत्र लिहावं, समारंभात त्यातली काही वाचली जातील, सगळ्यांची मिळून एक सुबक फाईल होईल. कुणाला वेळ नसेल तर सोयीसाठी नमुना जोडला आहे. नमुन्यात मुलाच्या नावासाठी गाळलेली जागा होती. घाईत एका बापानं गाळलेल्या जागेसकट ते पाठवलं, अशी बातमी त्याच दिवशी सगळीकडे झाली आणि सगळे त्याला हसले. हसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोच नमुना जागा भरून पाठवला होता.

तिला नमुन्याची गरज नव्हती. ती स्वतःच नमुना होती. पाणीपुरवठा कंपनीच्या तक्रार विभागात ती उत्तरं लिहायची. लोक लिहायचे, नळाला तीन दिवस गढूळ पाणी येतंय, बाळाला आंघोळ कशी घालू. ती लिहायची, आपल्या भावना आम्ही समजू शकतो. तिच्या संगणकात तयार परिच्छेद होते: दिलगिरीचा, आश्वासनाचा, सहकार्याबद्दल आभाराचा. ते योग्य क्रमानं लावण्यात तिचा हातखंडा होता. तिच्या उत्तरावर कुणी उलट तक्रार केली, असं फारसं घडत नसे. भिंतीवर कोण उलट ओरडणार? बाईंना लिहितानाही बोटं आपोआप चालली आणि पत्र झालं. झालं म्हणून तिला बरंही वाटलं होतं. त्या बरं वाटण्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, त्याच्याकडे ती पाहत नव्हती. ते मुलीनं बिस्किट खाता खाता उघडं केलं.

रविवार दुपार होती. नवऱ्यानं कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवला. "थांब, तपासू," तो म्हणाला. त्याच्याकडे पेन्सिल होती. "जे वाक्य कुठल्याही बाईंना चालेल, ते खोडायचं. चालेल ना?"

"खोड," ती म्हणाली.

त्यानं 'अथक परिश्रम' खोडले. 'मायेचा स्पर्श' खोडला. "बाई हात लावतात का गं तुम्हाला?" त्यानं मुलीला विचारलं.

"नाही. खडूनं भरलेले असतात त्यांचे हात."

"बघ. स्पर्शही नव्हता." 'सर्वांगीण विकास' खोडताना त्याची पेन्सिल मोडली. शेवटी कागदावर 'आदरणीय बाई' आणि खाली दोघांची सही उरली. मधे नुसत्या काळ्या आडव्या रेघा. एखाद्या गुप्त खात्यानं तपासून परत पाठवावं, तसं. नवरा खूश होता. "आता मधलं लिही," तो म्हणाला. "काय झालं ते. एकच. फार नको. एका वेळी एकच भिंग."

"काय झालं म्हणजे?"

"अगं, काहीतरी झालंच की. वर्षाच्या सुरुवातीला ही तोंड उघडत नव्हती, आणि आता परवा फाटकावर मैत्रिणीला हाक मारली. मधे कुठंतरी झालं ना? तू काय पाहिलंस?"

ती उठली. सिंकमधली भांडी धुऊन झालेली होती, ती तिनं पुन्हा धुवायला घेतली. पाण्याचा आवाज मोठा केला. कारण तिनं पाहिलं होतं. तिनं एकटीनंच पाहिलं होतं आणि नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. ते सांगितलं तर नाहीसं होईल, अशी तिला खात्री होती. कशावरून, ते मात्र विचारायचं नाही. तक्रार विभागात काम करणाऱ्या बाईला एवढं कळतं की लिहून काढलं की प्रकरण होतं. प्रकरणाला क्रमांक मिळतो. क्रमांक मिळाला की ते फाईलमध्ये जातं आणि फाईल एका टेबलावरून पुढच्या टेबलावर. 'ही मुलगी वर्गात बोलत नव्हती' असं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहायचं? ते समारंभात माईकवर वाचलं जाणार, पालक-प्रतिनिधीणबाई मान तिरकी करून 'अय्या' म्हणणार. आणि पुढच्या वर्षी मुलगी ज्या वर्गात जाणार तिथल्या बाई पहिल्या दिवशी यादीत बोट ठेवून म्हणणार, ही का ती?

पुढच्या वर्गाच्या बाईंना पालकांत भोंगा म्हणत. माणूस वाईट नव्हता, असं सगळेच म्हणायचे. म्हणण्याची पद्धतच अशी होती की आधी 'माणूस वाईट नाही' म्हणायचं. त्यांच्या वर्गात उत्तर द्यायचं ते उभं राहून, मोठ्यानं, पूर्ण वाक्यात. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. कुणी अडला की त्या प्रेमानं सगळ्या वर्गाला सांगत, "चला, सगळे त्याच्याकडे बघा आणि त्याला धीर द्या!" आणि सगळी डोकी वळत. तिनं एकदा जिन्यातून हे ऐकलं होतं. एक पस्तिशीची, नोकरीवाली बाई, हातात पर्स, आणि तिला वाटलं होतं की आता मला उभं करणार.

आठवड्याच्या मधे जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसात कागद घेऊन बसली. शेजारच्या टेबलावर कुणी संत्रं सोलत होतं. तिनं लिहिलं: 'तो क्षण मी आयुष्यभर विसरणार नाही. काळ जणू थांबला होता. माझ्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या.' वाचलं. धारा वगैरे काही वाहिल्या नव्हत्या. उलट डोळे इतके कोरडे पडले होते की पापणी मिटताना टोचत होती. शिवाय या सगळ्यात बाई कुठं होत्या? क्षण हिचा, काळ हिचा, अश्रू हिचे. आभार मानायला गेलेली बाई स्वतःच हार घालून खुर्चीत बसली होती. तिनं कागद फाडला. मग हजेरीचं लिहायला घेतलं. बाईंनी वर्गात नवीन पद्धत काढली होती: नाव घेतलं की 'हजर' म्हणायचं नाही, बाकावर टकटक करायची. सगळ्या वर्गानं. पोरांना तो खेळ वाटला. कुणी बोटानं, कुणी पट्टीनं. चाळीस पोरांच्या टकटकीत एक मुलगी बोलत नाही हे कुणाच्या लक्षातच येईना. हे रेडिओनं घरी फार उशिरा सांगितलं, तेही 'आमच्या वर्गात एक मुलगा डोक्यानं टकटक करतो' या बातमीच्या शेवटी. ते लिहावं, आणि बाई तिला कधी समोरून प्रश्न विचारत नसत, शेजारी बसून आपल्याशीच बोलल्यासारखं करत, तेही लिहावं. कागद भरत चालला आणि पुन्हा तेच व्हायला लागलं. चांगल्या गोष्टींची रांग लागली की चांगुलपणा तेवढा दिसतो, माणूस दिसत नाही. नवऱ्याचं भिंग. एका वेळी एकच. तिला त्याचा राग आला, कारण तो बरोबर होता, आणि त्यामुळे आता उरलं ते एकच होतं.

तो दिवस थंडीचा होता. मुलगी स्वेटर घरी विसरली म्हणून ती ऑफिसला जाता जाता शाळेत गेली होती. वर्ग चालू होता. दाराच्या शेजारी, फळ्याच्या बाजूला, एक अरुंद उभी खिडकी होती. काच खालून अर्धी रंगवलेली, वरून मोकळी. ती टाचा उंचावून उभी राहिली. वर्गातून ती दिसत नव्हती, तिला मात्र बाई अगदी जवळून दिसत होत्या, एका बाजूनं, नाक आणि कान आणि खडूचा हात. बाई फळ्यावर मुंगी काढत होत्या. चित्रकला बेताची. मुंगी म्हणजे तीन बटाटे ओळीनं, आणि त्यांना पाय. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. मग त्या पायांखाली नाव लिहायला लागल्या. आणि मागून कुणीतरी म्हणालं, "सहा."

घरी तो आवाज ती भिंतीआडून ओळखायची. इथं तिला ओळखायला वेळ लागला. जाड, दबलेला, बरेच दिवस पेटीत ठेवलेला कपडा बाहेर काढावा तसा. "सहा असतात," तो आवाज पुन्हा म्हणाला. तिच्या हातात स्वेटर होता, तो तिनं तोंडाशी धरला. तिला पहिली गोष्ट कळली ती ही, की आता बाई वळतील. कुणीही वळलं असतं. ती स्वतः आत असती तर धावत गेली असती, उचलून घेतलं असतं, "बोलली गं बोलली!" म्हणून सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या असत्या. आणि मग ते पोर परत किती महिने मिटलं असतं, देव जाणे. ती मनात म्हणत होती, नको, वळू नका, वळू नका, आणि ओरडायची सोय नव्हती.

बाईंचा हात फळ्यावर थांबला. खडू इतका दाबला गेला की मोडला, अर्धा खाली पडला. कुणी पाहत नव्हतं त्या बाजूला बाईंनी डोळे मिटले. गच्च. गालाचा एक स्नायू हलला. मग उरलेल्या खडूनं त्यांनी मुंगीला इकडे एक पाय काढला, तिकडे एक पाय काढला, आणि फळ्याकडेच तोंड ठेवून, कालचं दूध कुणी आणलं हे विचारावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "हो की. सहा. आता हिला चालता येईल." आणि नाव लिहायला लागल्या. वर्गात कुणीतरी शिंकलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ती स्वेटर तसाच घेऊन उलट्या पावली गेली. दिवसभर ऑफिसात तो स्वेटर तिच्या मांडीवर होता, आणि त्या दिवशी पाण्याच्या तक्रारींना गेलेली उत्तरं कशी होती, हे कंपनीनं तपासलं नाही म्हणून बरं.

हे तिनं लिहिलं. शनिवारी सकाळी, नवरा दुकानात आणि मुलगी आंघोळीत प्रक्षेपण करत असताना. भीती वाटत असताना माणूस छोटी वाक्यं लिहितो, हे तिला नवीन होतं.

'बाई, मुलगी स्वेटर विसरली होती म्हणून मी आले होते. दाराजवळच्या खिडकीतून पाहत होते. तुम्ही फळ्यावर मुंगी काढलीत आणि तिला चार पाय दिलेत. माझी मुलगी म्हणाली, सहा. तोवर ती वर्गात कधी बोलली नव्हती. तिला बोलायची भीती वाटायची. तुमचा खडू मोडला. तुम्ही डोळे मिटलेत. पण तुम्ही वळला नाहीत. तिला शाबास म्हणाला नाहीत. मुंगीला दोन पाय काढलेत आणि पुढं शिकवत राहिलात. त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, आज बाईंची मुंगी मी दुरुस्त केली. मी बोलले, असं म्हणाली नाही. मी तिथं असते तर वळले असते. तुम्ही वळला नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार.'

नवऱ्यानं दुपारी ते वाचलं. चष्मा कपाळावरून खाली आला, मग काढून पुसला गेला. पुष्कळ वेळ पुसला गेला. "हे बरं," तो म्हणाला. मग, "तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"का गं?"

"तू दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं असतंस."

"सांगितलं असतं," तो कबूल झाला. "फाईलमध्ये देणार?"

"वेड लागलंय का? हातात देणार. त्यांच्या. आणि त्या घरी जाऊन वाचतील."

समारंभाच्या दिवशी ती लवकर गेली. मुलीचा हात हातात होता. तिच्या तळव्याला घाम, मुलीचा कोरडा. सभागृहात खुर्च्या मांडल्या जात होत्या, पालक-प्रतिनिधीणबाई फाईलला फीत बांधत होत्या. बाई वर्गात सामान आवरत होत्या. भिंतीवरची चित्रं काढून झालेली, चिकटपट्टीचे चौकोन उरलेले. तिनं पाकीट पुढं केलं. "घरी वाचा हं," ती म्हणाली. बाईंनी ते तिथंच फोडलं. काही माणसं अशी असतात, पाकीट दिसलं की फोडतात. तिनं याचा विचारच केला नव्हता. बाई उभ्या उभ्या वाचत होत्या आणि ती त्यांच्या कानाकडे पाहत होती. शेजारी, बंद दारापलीकडच्या वर्गात, भोंगाबाई कुणाला तरी खुर्च्या कशा उचलाव्यात हे पूर्ण वाक्यात सांगत होत्या.

"तुम्ही पाहिलंत ते," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, कुणी पाहिलं नाही. घरी गेल्यावर रडले मी. नवरा म्हणाला, काय झालं, तर मी म्हटलं, मुंगी."

"चार पाय तुम्ही मुद्दाम काढलेत का?"

"छे हो," बाई म्हणाल्या. "मला खरंच येत नाही चित्र."

दोघी हसल्या, आणि ती सुटले म्हणून दाराकडे वळणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "हे मी शेजारी वाचायला देऊ का? पुढच्या वर्षी त्यांच्याकडे आहे ना ही. मी त्यांना सगळं सांगितलंय तसं. पण त्या म्हणाल्या, 'लाजरी आहे होय, मी करते मोकळी.' मी दहा वाक्यं सांगितली, त्यांनी त्यातलं 'लाजरी' एवढंच घेतलं. हे वाचलं तर त्यांना दिसेल. काय करायचं नाही, ते."

म्हणजे हेच. टेबलावरून पुढच्या टेबलावर. कागद त्या खोलीत जाणार, तिच्या अक्षरासकट, आणि तिथून मग कुठं जाईल, कोण वाचेल, कोण मान तिरकी करेल. नाही म्हणावं. नाही म्हटलं तर उन्हाळा संपल्यावर एका सकाळी त्या खोलीत चाळीस डोकी वळणार, धीर द्यायला. तिच्या डोक्यात तयार परिच्छेद आपोआप लागायला लागले: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे, योग्य त्या कार्यवाहीसाठी, आपल्या सहकार्याबद्दल. तोंड उघडलं आणि त्यातून काहीच निघालं नाही. हवासुद्धा नाही. घसा होता, जीभ होती, शब्द होते, आणि मधे कुठंतरी दार लागलेलं होतं. अच्छा, तिला वाटलं, हे असं असतं होय.

"बघू," मुलगी म्हणाली आणि बाईंच्या हातातून तिनं कागद घेतला. वाचायला तिला बराच वेळ लागला. ओठ हलत होते. दोघी मोठ्या बायका तिच्यासमोर निकालाला उभ्या असल्यासारख्या उभ्या होत्या.

"हे चूक आहे," ती बाईंना म्हणाली.

"काय गं?"

"भीती वाटायची, हे." तिनं बोट ठेवलं. "भीती नाही. मी बोलले की सगळे वळून बघणार, ते नको होतं मला." मग आईकडे पाहून, थोडं समजावणीच्या सुरात, "भीती तुला वाटते, आई. ते वेगळं."

बाईंनी टेबलावरचं वह्या तपासायचं लाल पेन उचलून पुढं केलं. आईनं ते घेतलं, आपल्याच अक्षरातलं ते वाक्य खोडलं, आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: 'सगळे वळून पाहतील, ते तिला नको होतं.' लाल शाई जरा फुटली. कागद आता सुबक राहिला नव्हता. तिनं तो बाईंकडे दिला, पण मुलीनं मधेच पकडला. "मी देते," ती म्हणाली, आणि शेजारच्या दाराकडे चालायला लागली.

आई तिच्यामागे निघाली. बाईंनी तिच्या कोपराला धरलं, हलकेच, खडूचा पांढरा ठसा उमटेल इतपत. "चला," त्या म्हणाल्या, "आपण खाली जाऊ. माझी स्तुती सुरू व्हायचीय." दाराआड भोंगाबाईंचा आवाज वाक्याच्या मधे थांबला. नंतर काही ऐकू आलं नाही. जिना उतरताना तिला प्रत्येक पायरी पाहून टाकावी लागली.

सभागृह भरलं होतं. पालक-प्रतिनिधीणबाई माईकवर एकामागून एक पत्र वाचत होत्या. अथक परिश्रम आले, मायेचा स्पर्श आला, सर्वांगीण विकास आला, गेला, परत आला. प्रत्येक पत्रानंतर टाळ्या. बाई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. ती मागच्या बाजूला एका रांगेच्या टोकाला बसली होती आणि दाराकडे पाहायचं नाही म्हणून समोरच्या माणसाच्या शर्टाची शिवण पाहत होती. किती पत्रं झाली कोण जाणे. वर त्या खोलीत काय चाललं असेल, याच्या तिनं बारा गोष्टी रचल्या आणि बाराही वाईट होत्या. टाळ्या थांबल्या. पालक-प्रतिनिधीणबाईंनी पुढचा कागद उघडून माईकसमोर श्वास घेतला, आणि त्या शांततेत, तिच्या कानाशी नव्हे, चांगलं दोन रांगांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आई, सरक ना."

पाच-सहा डोकी वळली. समोरच्या शर्टाचंही वळलं. मुलगी वळलेल्या डोक्यांकडे पाहत उभी राहिली, एकेकाकडे, चुकीचे पाय असलेल्या चित्राकडे पाहावं तशी. ती डोकी आपली परत माईककडे गेली.

काय झालं, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला. आत काय म्हणाल्या, तू काय म्हणालीस, ओरडल्या का, सगळं आलं. ते सगळं तोंडात धरून ती शेजारच्या खुर्चीवर सरकली.